हळद, आलं की मिरची? काढणीआधी उभ्या पिकात ओळख पटवताना

प्रश्न: वाई तालुक्यातली काकांची वीस गुंठे जमीन आता आमच्याकडे आली आहे. मे महिन्यात लावणी त्यांनी केली आणि ऑगस्टमध्ये ते गेले. शेतात हळद, आलं आणि मिरची तिन्ही आहे, पण कोणत्या गादीवाफ्यावर काय, हे कुठंच लिहून ठेवलेलं नाही. पाला आता पिवळा पडायला लागलाय. दोन गडी आहेत. एक ज्याला आलं म्हणतो त्यालाच दुसरा आंबेहळद म्हणतो. कुदळ लावायच्या आधी पानावरून आणि कंदावरून कसं ओळखायचं?

उत्तर:

पाला पुरता वाळायच्या आत एक दिवस काढून शेतात जा. ओळखीची निम्मी खूण पानाच्या देठात असते. पाला कापला किंवा आपोआप गळून पडला, की ती खूण गेली आणि मग सगळा भार कंदावर येतो. कंद हळदीचं गुपित सहज सांगतो, पण आलं आणि आंबेहळद यांच्या बाबतीत तो चांगलाच फसवतो. तुमच्या दोन गड्यांचा वाद तिथलाच असणार, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. त्याकडं येतोच.

आधी मिरची बाजूला काढू, कारण तिचा या कंदांच्या भानगडीशी संबंध नाही. मिरचीला कंद नसतो. हळद आणि आलं एकाच कुळातले, जमिनीखालच्या आडव्या खोडातून फुटणारे. मिरची वांग्या-टोमॅटोच्या कुळातली, बी टाकून रोप केलेली. आपल्याकडं हळदीच्या वरंब्याच्या कडेला मिरची आंतरपीक म्हणून लावतात, त्यामुळं ती तुमच्याकडं स्वतंत्र वाफ्यात नसून हळदीच्या ओळीलाच असण्याची शक्यता जास्त. पान लहान, अंड्याच्या आकाराचं पण टोकाला निमुळतं, कडा साधी, वर तुकतुकीत आणि हाताला गुळगुळीत. वांग्याचं पान खरखरीत, लवदार आणि कडेला खाचा पडलेलं असतं, त्यामुळं तिथं गल्लत होत नाही. गल्लत होते ती कांगोणीशी. हे तण मिरचीच्या कुळातलंच आणि मिरचीतच उगवतं, लहान असताना हुबेहूब दिसतं. फुलावर आलं की फरक कळतो. कांगोणीची बारीक पांढरी फुलं झुपक्यानं येतात आणि मागोमाग हिरवी, मग काळी गोल फळं धरतात. मिरचीचं फूल पांढरंच, पण बहुतेक वाणांत पेऱ्याला एकेकटं आणि मान खाली घातलेलं. शिवाय मिरचीचं खोड एका उंचीवर बेचक्यासारखं दुभंगतं, पुढं प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगते, आणि पहिलं फूल त्या पहिल्या बेचक्यातच येतं. ही खूण फळ नसतानाही चालते.

पानाच्या आकारावर मिरचीत फार विसंबू नका. फुलकिडे लागले की पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळतात, कोळी लागला की कडा खालच्या बाजूला वळतात, आणि बोकड्या आला की झाडाचा शेंडा ओळखूही येत नाही. कोणी असं झाड दाखवून ‘ही वेगळी जात आहे’ म्हणालं तर पान उलटून बघा. आणि मुळाशी गाठी दिसल्या म्हणून कंद समजू नका. सूत्रकृमी लागलेल्या मिरचीच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी येतात, त्या मुळातच फुगलेल्या असतात. त्या दिसल्या तर जागा लक्षात ठेवा, कारण हे सूत्रकृमी हळदीला आणि आल्यालाही लागतात. मिरची लवंगी आहे की ज्वाला की ब्याडगी, हे नुसत्या पानावरून मी तरी सांगणार नाही. ढोबळीचं पान मोठं आणि रुंद असतं एवढंच काय ते. बाकीचं फळ धरल्यावर.

आता हळद आणि आलं.

शेताच्या कडेला उभं राहून बघितलं तर बहुतेक जण पानाच्या रुंदीवरून ठरवतात. हळदीचं पान तळहाताएवढं रुंद आणि हातभर लांब, कर्दळीसारखं. आल्याचं पान दोन बोटं रुंद आणि जेमतेम वीतभर, बांबूच्या पानासारखं. चांगल्या पिकात हे पुरतं. पण तुमचं पीक ऑगस्टनंतर बहुधा वाऱ्यावर पडलेलं आहे. खत चुकलं, भर लागली नाही, वर आंब्याची सावली पडली, की हळदीचं पान अरुंद आणि लहान राहतं. मागाहून आलेल्या फुटव्यांची पानंही बारीक असतात. उलट सावलीत वाढलेलं, युरिया जास्त खाल्लेलं आलं बऱ्यापैकी रुंद पान काढतं. म्हणून रुंदीवर निकाल देऊ नका.

खाली बसा. एक पान दोन बोटांत धरा आणि पात्याच्या मधल्या शिरेवरून बोट खाली न्या. हळदीत पातं संपतं आणि त्यानंतर बोटाला लांब, पन्हाळीसारखा खोलगट देठ लागतो. तो देठ खाली जाऊन केळीच्या सोपटासारखा पुढच्या पानाला वेढून बसतो. सगळी पानं जणू जमिनीजवळच्या एकाच मुठीतून वर आलेली दिसतात. आल्यात पातं संपलं की बोट थेट खोडावर आदळतं. देठ नाहीच. पान खोडाला चिकटून बसलेलं, खालचा भाग खोडाभोवती गुंडाळलेला. असं एक पान उजवीकडं, वरचं डावीकडं, त्यावरचं पुन्हा उजवीकडं, थेट शेंड्यापर्यंत. खोड बोरूसारखं बारीक, उभं आणि तळापासून वरपर्यंत नजरेला दिसतं. सगळ्या पानांची टोकं एकाच पातळीत पसरतात, त्यामुळं आल्याची काडी समोरून मोरपिसासारखी दिसते आणि बाजूनं बघितली तर जवळजवळ रेघ.

खत कमी पडो, सावली असो, रोग असो, देठ असणं-नसणं बदलत नाही. मी नव्या गड्याला हीच एक गोष्ट शिकवतो.

नंतर पान चुरगाळून नाकाला लावा. कोकणात पातोळ्या ज्या पानात उकडतात त्याचा वास घरात आलेला असेल, तर हळदीचं पान तुम्हाला डोळे मिटून कळेल. आल्याच्या पानाला आल्याचाच वास असतो, पण सौम्य, जरासा लिंबाकडं झुकणारा. पिवळ्या पडलेल्या पानाला वास कमी येतो, तेव्हा शेंड्याकडचं अजून हिरवं असलेलं पान घ्या. कर्दळीच्या पानाला यातला कसलाच वास नसतो. काकांनी विहिरीजवळ शोभेची कर्दळ लावलेली असेल तर ती इथंच बाजूला पडेल.

पाटाच्या कडेला आणखी दोन सोंगं भेटतील. एक सोनटक्का. पानांची मांडणी आल्यासारखीच, दोन्ही बाजूंना एकाआड एक, पण पान तीन-चार बोटं रुंद आणि झाड छातीपर्यंत उंच. पाणथळ जागा त्याला आवडते. त्याचा कंदही आल्यासारखा दिसतो, म्हणून ओळखून ठेवा. दुसरं पेव. बांधावर, ओढ्याकाठी असतं. त्याची पानं दोन बाजूंना नसतात, खोडाभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत जातात. एकदा बघितलंत की विसरणार नाही.

फुलं अजून टिकली असतील तर तीही बघून घ्या. हळदीचा तुरा पानांच्या मधून वर येतो, फिकट हिरव्या पोपटी पाकळ्यांची कणसासारखी रचना, वरच्या टोकाला पांढरट-गुलाबी, आणि त्या खणांमधून पिवळी फुलं डोकावतात. आल्याला आपल्याकडं फूल क्वचितच येतं. आलं तर पानांच्या खोडावर न येता जमिनीतून निघालेल्या वेगळ्या आखूड दांड्यावर येतं. फुलाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, दिसलं तर फुकटचा पुरावा.

इथवर पानांचं झालं. पान तुम्हाला एवढंच सांगतं: देठाचं, म्हणजे हळदीच्या घराण्यातलं, बिनदेठाचं, म्हणजे आलं (किंवा सोनटक्का). पण हळदीच्या घराण्यात हळदीशिवाय आंबेहळद आहे, कचोरा आहे, काळी हळद आहे. काळ्या हळदीच्या पानात मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना जांभळट-तपकिरी पट्टा असतो, कचोऱ्यातही बहुधा असा पट्टा दिसतो, कोवळ्या पानात जास्त स्पष्ट. तो दिसला तर ती खाण्याची हळद नाही, एवढं नक्की. आंबेहळदीच्या पानात मात्र असं काहीच नाही. हळद आणि आंबेहळद शेजारी उभ्या असतील तर पंचवीस वर्षांनंतरही मी पानावर पैज लावणार नाही. तिथं कंदच बघावा लागतो.

कंद बघण्यासाठी झाड उपटायचं नाही. खुरपं घ्या आणि वरंब्याच्या उतारावर, झाडापासून साधारण वीतभर अंतरावरून आत माती सरकवत जा. वरून उभं खुरपं मारलं तर पहिल्याच घावाला गड्डा कापला जातो, आणि कापलेल्या जागेतून कंदकूज शिरते. माती ओली चिखल असताना हे करूच नका, पाणी दिल्यावर चार-पाच दिवस जाऊ द्या. कंदाची बाजू उघडी पडली की बोटानं माती झटका, बाहेरच्या अंगाचं एक बोट मोडून घ्या आणि माती परत दाबून बसवा. एका झाडाला पाच मिनिटं लागतात आणि पीक जाग्यावर राहतं.

हळद उघडली तर मधोमध उभा, लंबगोल, नारळाच्या शेंडीकडच्या भागासारखा रेघारेघांचा जेठा गड्डा दिसतो. त्याच्या बगलेला लहान गड्डे, आणि त्यांच्यातून फुटलेली बोटं, म्हणजे हळकुंडं. हळकुंड गोल असतं, बोटासारखं, आणि त्यावर जवळजवळ कंगोरे, बांगड्या चढवल्यासारखे. साल तपकिरी. खाली लोंबणाऱ्या मुळांच्या टोकाला काही ठिकाणी पांढुरके, पाणीदार फुगवटे असतात. ते हळकुंड नव्हे, त्यात रंग शोधू नका. आणि सगळ्यात तळाला सुरकुतलेलं, पोकळ झालेलं काही सापडलं तर तो लावलेल्या बेण्याचा जुना गड्डा, आमच्याकडं त्याला सोरा गड्डा म्हणतात. त्यावरूनही काही ठरवू नका.

आलं उघडलं तर मधला असा गड्डा नसतो. कंद चपटा असतो, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा, आणि हाताच्या पंजासारखा एकाच पातळीत पसरतो. साल फिकट, पातळ, नखानं खरवडली तरी निघते. कोवळ्या कोंबाच्या बुडाशी गुलाबी छटा असते. मोडलं की आत फिकट पिवळं आणि मोडलेल्या जागी धागे दिसतात.

हळदीचं बोट मोडलं की नारिंगी रंग दिसायला हवा. इथं एक चूक सगळे करतात. हळकुंडाचं कोवळं टोक मोडतात, ते आत फिकट दिसतं आणि मग ‘ही आंबेहळद आहे’ असं ठरवून मोकळे होतात. मे महिन्यात लावलेल्या हळदीला आता सात महिने होतायत, तिला पुरं व्हायला आठ-नऊ महिने लागतात. टोक अजून वाढतंय, तिथं रंग भरलेला नाही. बोट मध्यावर मोडा, किंवा बगल गड्ड्याचा नखाएवढा कपचा काढा.

आणि खिशात चुन्याची डबी ठेवा. मोडलेल्या जागी चिमूटभर ओला चुना लावून बोटानं चोळा. हळद असेल तर तिथल्या तिथं विटकरी-लाल होते, कुंकू उमटल्यासारखं. हळदीतला पिवळा रंग चुन्यासारख्या अल्कलीत लाल होतो, आणि पूर्वी हळदीपासून कुंकू करायचे ते याच गुणावर. आल्याला चुना लावला तर असा लाल रंग येत नाही. आंबेहळदीत हा रंग फारच कमी, त्यामुळं तिथंही फार तर किंचित छटा दिसते. तपासणी करताना हात धुवत जा, आधीच्या झाडाची हळद बोटाला असली तर सगळंच लाल दिसेल.

आता तुमच्या गड्यांच्या वादाकडं. माझ्यावर हे स्वतः गुदरलेलं आहे म्हणून सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी अर्ध्या एकरासाठी पाच क्विंटल आल्याचं बेणं एका व्यापाऱ्याकडून घेतलं. घरचं बेणं त्या साली कुजलं होतं. पोत्यात वरून हात घातला, फिकट सालीचे पसरट गड्डे, डोळे चांगले, आलंच. मेच्या मध्याला लावलं. उगवण साधारण महिन्यानं दिसली, आणि तेव्हाही मला काही खटकलं नाही, कारण कोंब लहान असताना पान गुंडाळलेलंच असतं. जुलैत खुरपणीला बायका आल्या. त्यातल्या एक मावशी गादीच्या मध्यातून ओरडल्या, “दादा, ही आलं न्हवं, ही हळद हाय.” मी जाऊन बघितलं तर खरंच, आल्याच्या काड्यांच्या मधोमध एक रुंद पान, खाली हातभर देठ. पुढच्या गादीवर तीन. त्याच्या पुढच्यावर एकही नाही.

मला वाटलं बेण्यात हळदीचे गड्डे मिसळले. पण हळदीचा गड्डा आल्यात लपत नाही, मोडल्याबरोबर नारिंगी दिसतो, आणि लावणीआधी आम्ही बेणं तोडलं होतं. मग नारिंगी कोणालाच कसं दिसलं नाही? ही शंका डोक्यात ठेवून मी झाडं उपटली नाहीत. प्रत्येकाजवळ बांबूची कामटी रोवली. त्या दिवशी अठरा गाद्यांवर मिळून एकशे तेरा कामट्या लागल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी एक झाड बाजूनं उकरलं. कंद बघून मीच चक्रावलो. बाहेरून आलंच. तीच फिकट साल, तसाच पसरलेला. मावशी पान बघून हळद म्हणाल्या, मी कंद बघून आलं म्हणालो असतो. मोडून नाकाशी धरलं आणि उलगडा झाला: कैरीचा वास. कच्च्या कैरीचा, अगदी लोणच्याची फोड कापल्यासारखा. आत पिवळसर-पांढरं, धागे आल्यापेक्षा कमी. चुना लावला, लाल झालं नाही. ती आंबेहळद होती, आणि बेणं तोडताना ती कोणालाच कळली नव्हती, कारण तिचा कंद आल्यात खपून जातो. हिवाळ्यात काढून ठेवलेल्या बेण्याला वासही फारसा उरत नाही, आणि बेणेप्रक्रियेच्या औषधात बुडवल्यावर तर काहीच नाही.

म्हणून आंबेहळदीची व्याख्या मी अशी सांगतो: पान हळदीचं, अंग आल्याचं, वास कैरीचा. तुमचा एक गडी उकरलेला कंद बघून आलं म्हणत असेल आणि दुसऱ्यानं त्याचं पान बघितलेलं असेल, तर वाद असाच होणार. त्या झाडाचं पान देठाचं आहे का ते बघा. देठाचं असेल आणि कंद आल्यासारखा असेल तर दुसरा गडी बरोबर. बिनदेठाचं असेल तर पहिला. पाला गेला असेल तर वास.

वासाबद्दल एक खबरदारी. अनोळखी कंद चाखून बघायची सवय असेल तर ती शेतात सोडून द्या. पान आणि वास दोन्ही जुळल्याशिवाय जिभेला काही लावू नका. आपल्या भागात कुंपणावर कळलावी वाढते. तिचा कंद बोटासारखा, कोनात वाकलेला, आणि जहाल विषारी असतो. पावसाळ्यानंतर तिचा वेल वाळून जातो आणि कंद तसाच मातीत राहतो, त्यामुळं बांध उकरताना तो हाती येऊ शकतो. वेल हिरवा असेल तर ओळख सोपी: पानाचं टोक पुढं तंतूसारखं गुंडाळत जाऊन आधार पकडतं. हळद-आल्याच्या पानाला असं टोक कधीच नसतं.

तुमच्या वीस गुंठ्यांवर मी असं करेन. सकाळी ऊन तिरपं असताना जाईन, तेव्हा आल्याची मोरपिसासारखी मांडणी लांबूनही उठून दिसते. पहिल्या फेरीत काहीही उकरणार नाही. प्रत्येक गादीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालेन आणि फक्त देठ बघेन. गादीच्या तोंडाला खुंटी रोवून त्यावर ह किंवा आ लिहीन, आणि गादीच्या सर्वसाधारण पिकापेक्षा वेगळं दिसणाऱ्या प्रत्येक झाडाला कामटी लावीन. मिसळ बेण्यातून होते, आणि बेणं टोपलीतून हाताला येईल तसं लावलेलं असतं, त्यामुळं वेगळी झाडं एका जागी नसतात, विखुरलेली असतात. गादीच्या तोंडाची दोन झाडं बघून गादीला नाव देऊ नका. मी त्या साली तेवढंच केलं असतं तर अठरातल्या निदान सहा गाद्या निखळ आलं म्हणून सुटल्या असत्या.

दुसऱ्या फेरीत उकरायचं. ह लिहिलेल्या प्रत्येक गादीत तीन ठिकाणी, दोन्ही टोकं आणि मध्य. तिथं चुना. आ लिहिलेल्या गादीत उकरायची गरज सहसा नसते, फक्त कामटी लावलेली झाडं उकरा आणि वास घ्या. ह च्या गादीत चुना लाल झाला नाही तर लगेच आंबेहळद म्हणू नका, आधी बोटाचा मधला भाग मोडलाय ना ते बघा, मग वास. वीस गुंठ्यांना दोन माणसांना एक दिवस पुरतो.

पाला आधीच वाळून पडला असेल अशा गाद्यांवर खुंट बघा. हळदीचा खुंट अंगठ्याएवढा किंवा जास्त जाड, आणि आडवा कापला तर केळीच्या गाभ्यासारखे एकात एक पदर. आल्याचा खुंट पेन्सिलीएवढा आणि कडक. पण या खुंटांवर हळद आणि आंबेहळद वेगळी होत नाही, त्यासाठी उकरावंच लागेल. आणि पाला वाळला म्हणजे पीक तयार झालं असं धरू नका. करप्यानं आणि कंदकुजीनंही पाला पिवळा पडतो. पीक पक्व होताना सगळी गादी साधारण एकदम पिवळी पडते. एखादंच झाड पिवळं आणि ओढलं की बुडातून सहज निघून येत असेल, तर खाली कंद मऊ पडलेला असतो आणि त्याला घाण वास येतो. तसा कंद कोणत्याच ओळखीच्या कामाचा नाही, साल आणि आतला रंग दोन्ही बदललेले असतात. शेजारचं निरोगी झाड तपासा.

ही ओळख काढणीआधीच पटायला हवी, कारण दोघांची वेळ वेगळी आहे. आलं ओलं विकायचं असेल तर सहा महिन्यांनंतर कधीही काढता येतं, बाजार बघून. हळद मात्र आता डिसेंबरात खणलीत तर हळकुंडं भरलेली नसतील आणि उकडून वाळवल्यावर वजन फार घटेल. तिला जानेवारीच्या शेवटापर्यंत तरी राहू द्या. पाला पुरता वाळला की जमिनीलगत कापून घ्या आणि मग काढा. मिरची हळदीच्या कडेला असेल तर तोडे चालू ठेवा, हळद काढताना तिची झाडं जातीलच.

कामटी लावलेली झाडं गादी काढायच्या आदल्या दिवशी वेगळी खणा आणि वेगळ्या पोत्यात भरा. आंबेहळद वाया जात नाही, लोणच्याला आणि औषधी मालाला तिचं गिऱ्हाईक असतं, पण आल्याच्या पोत्यात चार गड्डे गेले तरी अडत्याला वास येतो आणि अख्ख्या पोत्याचा भाव पाडतो. बेणं ठेवायचं असेल तर ज्या गादीवर एकही कामटी लागली नाही तिच्यातूनच ठेवा, आणि ती गादी कितवी ते या वेळी वहीत लिहा.